एका चिठ्ठीचे अरबी भाषांतर : ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

आपल्या कोकणातील मुसलमान घरात कागदपत्रांची एक पेटी असतेच. तीत निकाहनामा असतो, जमातीच्या पावत्या असतात, जमिनीचे जुने कागद असतात आणि एखाद्या बुजुर्गाच्या हातची उर्दू चिठ्ठीही असते. पूर्वी हे कागद पेटीतच राहत. आता लांज्यातला मुलगा मोबाईलवर त्यांचा फोटो काढतो आणि मस्कतला किंवा दुबईला असलेल्या चुलत्याकडे क्षणात पाठवतो. तिकडे वारसाचे किंवा मयताच्या येण्या पैशांचे काम निघाले, की कागद अरबीत हवा असतो, कारण अरब देशांतील न्यायालयांचे कामकाज सर्वसाधारणपणे अरबीतून चालते. कोर्टात ग्राह्य धरले जाणारे भाषांतर तेथील परवानाधारक भाषांतरकार करतो हे खरे. परंतु कागदाचा मतलब त्याला कुटुंबातलाच कोणीतरी समजावून सांगतो. पहिली चूक तेथेच होते.

ही चूक अवघड शब्दांत होत नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. जो शब्द ठाऊक नाही तो माणूस कोशात पाहतो किंवा कोणाला तरी विचारतो. चूक होते ती ओळखीच्या शब्दांत. उर्दूतला शब्द मूळ अरबीच आहे, अक्षरेही तीच आहेत, मग तो तसाच उचलून अरबीत ठेवावा असे वाटते. पण दोन भाषांत दिसायला एक आणि अर्थाने वेगळे असलेले शब्द उर्दू व अरबी यांच्यामध्ये शेकड्यांनी आहेत. ते का आहेत, आणि एका साध्या चिठ्ठीत ते काय घोटाळा करतात, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

शब्द कोणत्या वाटेने आले

कोकणाचा अरबांशी संबंध समुद्रावरून फार जुना आहे. अल्-मसूदी हा अरब प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलच्या किनाऱ्यावर आला होता. तेव्हा साहजिकच वाटते की आपल्या बोलीतील अरबी शब्द थेट अरबांकडून आले असतील. थोडे तसे आलेही असतील. परंतु उर्दूत आणि मराठीत जे शेकडो अरबी शब्द आहेत, त्यांतील बहुतेक दुसऱ्या वाटेने आले. आधी ते अरबस्तानातून इराणात गेले, फारसी झाले, आणि मग फारसी ही दरबारची भाषा म्हणून दख्खनेत आली. इ. स. १३४७ मध्ये बहामनी राज्य स्थापन झाले, पुढे विजापूरची आदिलशाही आली, आणि दाभोळसारखी बंदरे तिच्या अमलाखाली राहिली. फर्माने फारसीत निघत. हिशेब आणि गावगाडा मराठीत चाले. शब्द दोन्हीकडे फिरत. मराठी कारभारात ते इतके मुरले होते की शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला, तेव्हा त्यात सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यावे लागले.

याचा परिणाम असा की आपल्याकडे पोहोचलेला अरबी शब्द हा अरबी अर्थाचा नसतो, फारसी अर्थाचा असतो. इराणात आणि हिंदुस्थानात तो शब्द आठ-नऊशे वर्षे आपल्या चालीने चालला. अरबस्तानात तो निराळ्या चालीने चालला. एकाच आईची दोन मुले दोन मुलखांत वाढावी तसे झाले. चेहरा एक, पण स्वभाव वेगळा.

या प्रवासाची एक खूण अक्षरांत शिल्लक राहिली आहे. अरबीत कित्येक शब्दांच्या शेवटी गोल ‘ते’ येतो आणि शब्द थांबला की तो ‘आ’ सारखा ऐकू येतो. फारसीने त्यांतील पुष्कळ शब्दांत गोल ‘ते’च्या जागी लांब ‘ते’ घातला. रुख़्साचा रुख़सत झाला, इजाज़ाचा इजाज़त झाला, फ़ुर्साचा फ़ुरसत झाला. म्हणून उर्दू कागदात शेवटी लांब ‘ते’ असलेला अरबी शब्द दिसला की जरा थांबावे. हा शब्द इराण फिरून आलेला आहे. ‘रहमत’सारख्या काही शब्दांचा अर्थ प्रवासात बदललेला नाही, पण ‘फ़ुरसत’चा बदलला आहे. आपल्याकडे फुरसत म्हणजे रिकामा वेळ. अरबीत फ़ुर्सा म्हणजे संधी.

आधी फोटो नीट वाचावा

भाषांतराच्याही आधी वाचन येते. उर्दू नस्तालिक लिपीत नुक्त्यावर सर्व काही अवलंबून असते आणि फोटोत प्रथम नुक्ताच हरवतो किंवा नवा उगवतो. ‘रहमत’ आणि ‘ज़हमत’ यांच्या लिखाणात फक्त पहिल्या अक्षरावरच्या एका नुक्त्याचा फरक आहे. कागदावर माशी बसून गेली असेल तर रहमतची ज़हमत होते, म्हणजे कृपेचा त्रास होतो. तो शब्द तसाच अरबीत नेला तर आणखी एक पल्टी बसते, कारण अरबीत ज़हमा म्हणजे गर्दी. लिहिणाऱ्याने अल्लाहची कृपा लिहिली, आणि वाचणाऱ्याला बाजारातली रेटारेटी दिसली!

म्हणून एकच फोटो पुरत नाही. एक पूर्ण पानाचा काढावा, चारही कडा दिसतील असा. मग ओळीओळीचे जवळून काढावेत. मागची बाजूही घ्यावी, कारण मागची शाई पुढे उमटून खोटे नुक्ते दिसतात आणि दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की ते ओळखू येतात. प्रकाश एका बाजूने पडेल असा घ्यावा. त्यामुळे घडीची रेघ आणि लेखणीची रेघ वेगळी दिसते. शंकेच्या जागी मूळ कागद हातात असलेल्या माणसालाच विचारावे की हा ठिपका शाईचा आहे की डागाचा.

आकड्यांचेही तसेच आहे. उर्दूचे आणि अरबीचे आकडे एकच आहेत असा आपला समज असतो, पण चार, पाच, सहा आणि सात यांचे वळण वेगळे आहे. अरबी पाच हा साधा वाटोळा असतो, थेट आपल्या मराठी शून्यासारखा. आणि शून्य म्हणजे दोन्हीकडे नुसता ठिपका. तेव्हा चार हजार पाचशेतील शेवटचा ठिपका फोटोत उडाला तर साडेचारशे उरतात, आणि तो आकडाही अगदी शहाण्यासारखा दिसतो. सालातील चूक लगेच उघडी पडते, कारण तेथे चार आकडे अपेक्षित असतात. रकमेतील चूक उघडी पडत नाही. म्हणून भाषांतरात रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत अशी दोन्ही लिहावी.

नमुन्याची चिठ्ठी

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुढील चिठ्ठी कोणा एका घराची नाही. अशा चिठ्ठ्यांत नेहमी येणारी वाक्ये जुळवून ती नमुन्यादाखल तयार केली आहे. मुलाने वडिलांच्या मृत्यूनंतर लिहून ठेवलेल्या या चार ओळी आहेत असे समजावे. मजकूर उर्दू आहे, वाचकांच्या सोयीसाठी तो देवनागरीत दिला आहे.

“वालिद साहिब का इंतिक़ाल ५ रमज़ान १४४० को अपने मकान में हुआ. मरहूम जहाज़ पर मुलाज़िम थे और रुख़सत लेकर आए थे. वालिदा का महर अदा हो चुका है, काग़ज़ पर जमात की मुहर है. बाक़ी रक़म ४५०० रुपये ग़रीब औरतों को ख़ैरात की जाए.”

आपल्यापैकी कोणालाही यात अडखळण्यासारखे काही नाही. ‘का’, ‘को’, ‘में’ ही बांधणी सोडली तर जवळजवळ प्रत्येक वजनदार शब्द अरबी घराण्याचा दिसतो. एखाद्याने ते सर्व शब्द तसेच ठेवून अरबी वाक्ये बनवली, तर उर्दू न जाणणाऱ्या अरबाला काय कळेल? त्याला साधारण असे कळेल : “मित्राच्या वडिलांची ५ रमजान १४४० रोजी आपल्या जागेत बदली झाली. मरहूम यंत्रावर लेफ्टनंट होते आणि परवाना घेऊन आले होते. आईचा महर दिला गेला आहे, कागदावर जमातीचा महर आहे. उरलेला क्रमांक ४५०० हा अनोळखी लज्जास्थानांना चांगल्या वस्तू म्हणून द्यावा.”

हसू येईल, पण ज्या घरात वारसाचे काम अडले आहे तेथे कोणी हसत नाही. आता एकेक शब्द पाहू.

मृत्यू, जागा आणि मान

‘इंतिक़ाल’चा मूळ अर्थ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. फारसी व उर्दू बोलणाऱ्यांनी मृत्यूचे नाव थेट न घेता ‘या घरातून त्या घरी गेले’ अशा अदबीने हा शब्द वापरला, आणि पुढे तो मृत्यूच झाला. अरबीत ‘अल्लाहच्या रहमतीकडे इंतिक़ाल केला’ असे पूर्ण वाक्य लिहिले तर मृत्यू समजतो. नुसता इंतिक़ाल म्हणजे स्थलांतर, बदली किंवा मालकीचे हस्तांतर. वारसाच्या कामात हा फरक निर्णायक आहे. शरीअतप्रमाणे मयताच्या मृत्यूच्या क्षणी जे हयात असतील तेच वारस ठरतात. मृत्यूची तारीख कागदातून नाहीशी झाली, तर वारस कोण हा प्रश्नच उभा राहू शकत नाही. येथे अरबीत सरळ ‘वफ़ात’ घ्यावी. हा शब्द दोन्ही भाषांत एकाच अर्थाने चालतो. ‘मरहूम’ही तसाच ठेवता येतो.

‘मकान’ आपल्याकडे घर; अरबीत मकान म्हणजे कोणतीही जागा. घरासाठी ‘बैत’ किंवा ‘मन्ज़िल’ लिहावे. घरात मृत्यू झाला की रस्त्यात, हे कधीकधी महत्त्वाचे असते, आणि ‘आपल्या जागी’ एवढ्याने ते कळत नाही.

‘साहिब’ने केलेली गंमत मात्र व्याकरणाची आहे. आपण मानाने ‘वालिद साहिब’ म्हणतो. अरबीत दोन नामे अशी लागून आली की पहिले दुसऱ्याचे होते. म्हणजे ‘साहिबाचे वालिद’. आणि अरबीत साहिब म्हणजे मित्र, सोबती किंवा मालक. म्हणून हा मान अरबीत शब्दशः नेऊ नये. ‘माझे वालिद’ एवढेच लिहावे आणि पुढे पूर्ण नाव पासपोर्टावर असेल त्याच अक्षरांत द्यावे. नावाबाबत एक सूचना आणखी करावीशी वाटते. अरब देशांत कोणाही गृहस्थाच्या नावामागे ‘अस्सय्यिद’ लावतात. ते आपल्या ‘श्रीयुत’सारखे आहे, सय्यद घराण्याची खूण नव्हे.

नोकरी, जहाज आणि रजा

कोकणातील माणसाला ‘जहाज’ शब्द सांगावा लागत नाही. परंतु अरबाला जहाज समुद्रात दिसत नाही. त्याच्याकडे जिहाज़ म्हणजे यंत्र, उपकरण किंवा सरंजाम. मूळ कल्पना सज्ज करण्याची, सामान जुळवण्याची आहे. मुलीबरोबर द्यावयाचे ‘जहेज़’ आणि मयताची ‘तजहीज़-तक्फ़ीन’ ही त्याच धातूची रूपे आपल्या ओळखीची आहेत. फारसी-उर्दूत हा शब्द साऱ्या सामानासह सज्ज असलेल्या गलबताला चिकटला आणि तेथेच राहिला. अरबीत जहाजाला ‘सफ़ीना’ म्हणावे.

‘मुलाज़िम’ म्हणजे चिकटून राहणारा, हजर राहणारा. ‘लाज़िम’ हा त्याचाच भाऊ. आपल्याकडे तो नोकर किंवा कर्मचारी झाला. अरब देशांच्या सैन्यात आणि पोलिसांत मात्र मुलाज़िम हा हुद्दा आहे, आपल्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. जहाजावर भंडारी असलेला गरीब माणूस अशा रीतीने कागदावर लष्करी अधिकारी होतो, आणि कारकून विचारतो की याच्या नेमणुकीचा कागद कोठे आहे. मग येथे काय लिहावे? ‘खलाशी होते’ असेही लिहू नये, कारण चिठ्ठीत ते म्हटलेले नाही. ‘जहाजावर काम करीत होते’ एवढेच अरबीत लिहावे. भाषांतरकाराने चुकीचा शब्द काढताना आपल्या पदरची माहिती घालू नये.

‘रुख़सत’ आणि ‘इजाज़त’ या दोघांनी तर घरेच बदलली आहेत. उर्दूत रुख़सत म्हणजे रजा किंवा निरोप, आणि इजाज़त म्हणजे परवानगी. आजच्या अरबीत रुख़्सा म्हणजे परवाना, आणि इजाज़ा म्हणजे प्रामुख्याने रजा. आखाती देशात नोकरी केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. गाडी चालवण्याची रुख़्सा आणि वर्षाची इजाज़ा हे दोन्ही शब्द त्याच्या तोंडी असतात. गंमत अशी की तोच माणूस उर्दू चिठ्ठी वाचताना पुन्हा उर्दूच्या सवयीत जातो. चिठ्ठीतील ‘रुख़सत’साठी अरबीत ‘इजाज़ा’ लिहावे. आणि कोठे ‘इजाज़त’ आलीच तर ‘इज़्न’ लिहावे.

महर आणि मुहर

ही या चिठ्ठीतील सर्वांत धोक्याची जागा आहे. उर्दूत ज़ेर-ज़बर-पेश सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे ‘महर’ आणि ‘मुहर’ हे दोन शब्द कागदावर अक्षरशः एकच दिसतात : मीम, हे, रे. महर हा अरबी शब्द. निकाहात पत्नीला देय असलेली रक्कम. मुहर हा फारसी शब्द, शिक्का. मराठीतील सोन्याची ‘मोहोर’ तीच. अरबाला यातला फक्त पहिला ठाऊक आहे. दुसऱ्याला पेश देऊन दाखवला तर तो त्याचा अर्थ सांगेल घोड्याचे शिंगरू.

न दिलेला महर हे पतीच्या मालमत्तेवरील कर्ज असते आणि वारसांत वाटणी होण्यापूर्वी ते फेडावे लागते. कागदावर दोन ठिकाणी ‘महर’ दिसला, एक आईचा आणि एक जमातीचा, तर वाचणारा विचारील की हा दुसरा महर कोणाचा, आणि तो बाकी आहे काय? कोठे कोणता शब्द आहे हे शेजारच्या शब्दांवरून ओळखावे. महर ‘अदा’ होतो, ‘बाँधा’ जातो, ‘माफ़’ होतो. मुहर ‘लगती’ आहे, कागदावर असते, कोणाच्या तरी अधिकाराची असते. उर्दूत महर पुल्लिंगी आणि मुहर स्त्रीलिंगी आहे. चिठ्ठीत ‘वालिदा का’ आणि ‘जमात की’ असे आहे, हा पुरावा लिहिणाऱ्यानेच ठेवलेला आहे. दुसऱ्या जागी अरबीत ‘ख़त्म’ लिहावे. आपल्याला खत्म म्हणजे संपणे किंवा कुरआनखानी आठवते; अरब दफ्तरात ख़त्म म्हणजे शिक्का.

गरीब, औरत, रक्कम

अरबीत ‘ग़रीब’ म्हणजे परका, अनोळखी, विचित्र. घर सोडून परमुलखात आलेला माणूस निराधार असतो. फारसीत परक्याचा निराधार झाला, आणि आपल्याकडे येता येता निराधाराचा निर्धन झाला. मराठीने तर त्याला स्वभावाने मऊ असाही अर्थ दिला : ‘गरीब गाय’. अरबीत निर्धन माणसाला ‘फ़क़ीर’ म्हणतात. कुरआनात सूरे तौबामध्ये जकातीचे हकदार सांगितले आहेत, त्यांत प्रथम ‘फ़ुक़रा’ येतात, ते हेच. आपल्याकडे मात्र फकीर म्हटले की झोळी आणि दर्गा डोळ्यांसमोर येतो. म्हणजे उर्दूतला ग़रीब अरबीत फ़क़ीर होतो, आणि अरबीतला ग़रीब उर्दूत अजनबी.

‘औरत’बद्दल विद्यार्थ्यांना उत्तर ठाऊक आहे, फक्त त्यांनी ते जोडलेले नसते. नमाजाच्या अटींत ‘सतर-ए-औरत’ शिकवली जाते. तेथे औरत म्हणजे स्त्री नव्हे. पुरुषालाही लागू असलेला, शरीराचा झाकावयाचा भाग. अरबीत या शब्दाचा हाच अर्थ आहे. तो कोणत्याही बाईसाठी अरबी कागदात लिहिणे हा निव्वळ चुकीचा शब्द नव्हे, असभ्य शब्द आहे. एका स्त्रीसाठी ‘इम्रआ’ आणि अनेकींसाठी ‘निसा’ लिहावे.

‘रक़म’ अरबीत क्रमांक : टेलिफोनचा, घराचा, फाईलचा. उर्दूत व मराठीत तो पैशाची रक्कम झाला. अरबीत येथे ‘मब्लग़’ हवा. हा शब्दही आपल्या जुन्या रोख्यांत रुपयांच्या आकड्याआधी येत असे. तो विसरला गेला एवढेच. ‘ख़ैरात’ म्हणजे अरबीत चांगल्या गोष्टी, बरकती. दान म्हणावयाचे तर ‘सदक़ा’. येथे कोणी मोठेपणाने ‘वसीयत’ शब्द घालतो. तो घालू नये. वसीयत मयताने करावयाची असते, तिला मालमत्तेच्या एक तृतीयांशाची मर्यादा असते. आणि ही ओळ तर मुलाने लिहिलेली इच्छा आहे. भाषांतरकाराने तिला वसीयत म्हटले तर त्याने काझीचे काम हातात घेतले असे होईल.

दुरुस्त केलेल्या अरबी भाषांतराचा मतलब मग असा होतो : “माझ्या वडिलांची वफ़ात ५ रमज़ान १४४० रोजी त्यांच्या बैतमध्ये झाली. मरहूम सफ़ीनावर काम करीत होते आणि इजाज़ा घेऊन आले होते. आईचा महर अदा झाला आहे आणि कागदावर जमातीचा ख़त्म आहे. उरलेला मब्लग़ ४५०० (चार हजार पाचशे) भारतीय रुपये फ़क़ीर निसांना सदक़ा म्हणून द्यावा.” ‘भारतीय’ हा शब्द मात्र कंसात घालून तो भाषांतरकाराचा आहे हे सांगावे.

तारखेचा खोटा मित्र

शब्दांप्रमाणे तारीखही फसवते. १४४० चा रमजान सौदी अरेबियात ६ मे २०१९ रोजी सुरू झाला, आणि भारतात बहुतेक ठिकाणी ७ मे रोजी. म्हणजे तेथील पंचांगाने ५ रमजान हा १० मे होतो आणि येथील चंद्राने ११ मे. मृत्यूच्या दाखल्यावर ११ मे असेल आणि भाषांतरात १० मे लिहिले, तर दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध जातात. म्हणून हिजरी तारीख जशीच्या तशी ठेवावी, आणि इंग्रजी तारीख दाखल्यावरूनच घ्यावी, कोष्टकावरून काढू नये.

कागद फारसी आणि जुना असेल, एखादी इनामाची सनद असेल, तर याहून मोठा खड्डा समोर असतो. आदिलशाही व मराठेशाहीच्या कागदांत ‘शुहूर सन’ येतो. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहितात. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, मिळून १०७५. अरब हे शब्द ओळखतो आणि निर्धास्तपणे हिजरी १०७५ समजतो, म्हणजे इ. स. १६६४-६५. परंतु शुहूर सन सौर आहे. सूर्य मृग नक्षत्रात गेला की तो बदलतो, म्हणून आपल्याकडे त्याला मृगसाल म्हणत. इ. स. १३४४ मध्ये, हिजरी ७४५ या वर्षी, तो हिजरीबरोबर निघाला. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून हिजरी पुढे धावत गेला आणि शुहूर मागे राहिला. शुहूर सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवले की इसवी सन येतो. १०७५ मध्ये ५९९ मिळवले की १६७४. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा शुहूर सन १०७५ होता आणि हिजरी १०८५. एकाच दिवसाला दहा वर्षांचा फरक पडला, आणि तोही अरबाला मुखोद्गत असलेल्या शब्दांमुळे! अशा कागदाच्या अरबी भाषांतरात सनाआधी ‘शुहूर’ हा शब्द लिहावाच लागतो आणि शेजारी इसवी सन द्यावा लागतो.

त्याच सनदेत ‘इनाम’ असेल. आपल्याकडे ती सरकारने सोडून दिलेली जमीन. अरबीत ‘इन्आम’ म्हणजे केवळ कृपा, आणि हम्ज़ा न लिहिल्यास तीच अक्षरे ‘अन्आम’ वाचली जातात, म्हणजे गुरेढोरे. जमीन वंशपरंपरा दिली की बैलजोडी, असा संशय तेथे उरतो. अशा शब्दाला अरबी प्रतिशब्द शोधत बसू नये. शब्द तसाच ठेवावा आणि एका वाक्यात सांगावे की सरकारी सारा माफ करून दिलेली जमीन असा त्याचा तेथे अर्थ होता.

पडताळा कसा घ्यावा

कोश दोन हवेत, एक नव्हे. उर्दूसाठी प्लॅट्सचा १८८४ चा कोश अजून उपयोगी आहे, कारण तो प्रत्येक शब्द अरबी की फारसी हे सांगतो. जुन्या फारसी कागदासाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश आहे. पण या कोशांतून फक्त कागदाचा अर्थ काढावा. आजच्या अरबीत कोणता शब्द वापरावा हे पाहण्यासाठी हान्स वेरचा आधुनिक अरबी कोश घ्यावा. शब्द दोन्हीकडे सापडला आणि अर्थ जुळले तरच तो उचलावा.

त्यानंतर अरबी मसुदा उर्दू न जाणणाऱ्या अरबाला द्यावा. त्याला “बरोबर आहे का?” असे विचारू नये, तो सौजन्याने हो म्हणेल. “यात काय लिहिले आहे ते सांगा,” असे म्हणावे. कोण वारला, कोठे, काय काम करीत होता, कोणाला किती द्यावयाचे, ही चार उत्तरे त्याने न अडखळता दिली की मसुदा झाला. तो ‘बदली’ म्हणाला, तर चिठ्ठी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावी. आणि उर्दू जाणणारा आपलाच माणूस तपासायला बसवला, तर तो अरबी अक्षरांतून उर्दूच वाचतो. त्याला इंतिक़ालमध्ये मृत्यू दिसतो, कारण तो त्याच्या मनात आधीच असतो.

शेवटी मूळ चिठ्ठी जपून ठेवावी. फोटो पाठवला म्हणून कागदाचे काम संपत नाही. उद्या कोणी विचारले की तेथे ‘महर’ होते की ‘मुहर’, तर उत्तर शाईतच आहे, लांज्याच्या त्या पेटीत.